पार्श्वभूमी : ‘अँटी-घोस्टिंग’ या शब्दाचा गुंता

गेमिंग कीबोर्डच्या खोक्यावर पोलिंग रेट, ॲक्च्युएशन पॉइंट आणि अँटी-घोस्टिंग हे तीन शब्द हमखास असतात. पहिले दोन आकड्यांत मोजता येतात, म्हणून चर्चा त्यांचीच जास्त होते. फावल्या वेळात खेळणाऱ्याचा खेळ खरोखर बिघडवते ती अडचण मात्र तिसऱ्या शब्दामागे आहे, आणि त्या शब्दाचा अर्थ मधल्या काळात जवळजवळ उलटा झाला आहे.

मुळात हा प्रश्न तारा वाचवण्यातून आला. शंभरावर बटणांना प्रत्येकी स्वतंत्र तार दिली तर आतल्या चिपला शंभरावर पाय लागतील. त्याऐवजी आडव्या-उभ्या तारांची जाळी केली जाते. ८ आडव्या आणि १६ उभ्या अशा २४ तारांत १२८ बटणे बसतात. चिप एकेका उभ्या तारेवर सिग्नल सोडते आणि तो कोणत्या आडव्या तारेवर उमटतो ते पाहते. त्या दोन तारा जिथे भेटतात ते बटण दाबले आहे, असे ती धरते.

आता समजा W आणि E एका आडव्या तारेवर आहेत, S आणि D दुसऱ्या. उभ्या तारांपैकी एकीवर W आणि S, दुसरीवर E आणि D. खेळाडूने W, E आणि S एकदम दाबले. चिपने E च्या उभ्या तारेवर सिग्नल सोडला की तो E मधून वरच्या आडव्या तारेवर जातो, तिथून W मधून पहिल्या उभ्या तारेवर उतरतो आणि S मधून खालच्या आडव्या तारेवर पोहोचतो. चिपच्या दृष्टीने D सुद्धा दाबलेले आहे. कोणीही न दाबलेले हे बटण म्हणजे मूळ अर्थाचे घोस्टिंग.

यावर स्वस्तातला उपाय निघाला. चौकोनाचे चारही कोपरे दाबलेले दिसले की चिप शेवटी आलेले बटण मान्यच करत नाही. भूत गेले, पण कधीकधी खरे दाबलेले बटणही त्याच्याबरोबर गेले. याला ब्लॉकिंग किंवा जॅमिंग म्हणतात. घरोघरच्या खेळाडूंच्या वाट्याला आले ते हेच. त्यांनी भूत कधी पाहिलेच नाही. त्यांना दिसले ते एवढेच की पळता पळता उडी मारायला जावे आणि उडी लागू नये. तरी त्या त्रासाला नाव मात्र घोस्टिंगच चिकटले, आणि उपायाला अँटी-घोस्टिंग. जुने जाणकार अजून या वापरावर आक्षेप घेतात आणि माझ्या मते त्यांचेच बरोबर आहे. नाव चुकीचे असल्यामुळे ग्राहकाला नेमके काय तपासायचे तेच कळत नाही.

खरा उपाय म्हणजे प्रत्येक बटणापाशी एक डायोड. तो सिग्नलला उलट्या वाटेने जाऊ देत नाही, त्यामुळे वरचा फेरा पूर्णच होत नाही. मेकॅनिकल कीबोर्डच्या सर्किट बोर्डवर डायोड बसवणे सोपे असते. मेंब्रेन कीबोर्डात प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांवर वाहक शाईने रेषा छापलेल्या असतात, तिथे डायोड डकवायला जागाच नसते. म्हणून तिथे तारांची फेरमांडणी केली जाते. W, A, S, D, स्पेस, शिफ्ट अशी खेळातली नेहमीची बटणे एकाच चौकोनात येणार नाहीत, अशी जाळी आखतात. खोक्यावर ‘१९ बटणे अँटी-घोस्टिंग’ असे लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ बहुधा ठरावीक १९ बटणे असा असतो, कोणतीही १९ असा नव्हे. तुमचा खेळ बाणांच्या बटणांवर चालत असेल तर त्या आकड्याचा तुम्हाला उपयोग असेलच असे नाही.

यात यूएसबीची मर्यादा मिसळल्याने गुंता वाढला. कोणती बटणे दाबली आहेत ते संगणकाला कळवणारा यूएसबी कीबोर्डचा मूळ साधा अहवाल ८ बाइटचा. त्यात शिफ्ट, कंट्रोलसारख्या ८ बटणांसाठी एक बाइट, एक राखीव, आणि उरलेल्या ६ बाइटमध्ये सहा बटणे. जुन्या गोल पिनच्या पीएस/२ जोडणीत प्रत्येक दाबणे-सोडणे वेगळे कळवले जाई, त्यामुळे तिथे अशी अट नव्हती. सहाची ही मर्यादा ओलांडणाऱ्या कीबोर्डवर ‘एन-की रोलओव्हर’ लिहिलेले असते. एकट्या खेळाडूला सहा बटणे पुरतात. दोघे एका कीबोर्डवर खेळू लागले की गणित बदलते. एकाचे W, D आणि हल्ल्याचे बटण, दुसऱ्याचे वरचा बाण, उजवा बाण आणि हल्ल्याचे बटण, इथेच सहा झाली. जाळीत अडचण असेल तर त्याआधीच कोणाचे तरी बटण गळते, आणि ते बहुधा नंतर दाबणाऱ्याचे असते.

हे घरी तपासता येते. दोन्ही शिफ्ट दाबून धरायची आणि दुसऱ्या कोणाला तरी हे टाइप करायला सांगायचे :

```
THE QUICK BROWN FOX JUMPS OVER THE LAZY DOG
```

काही कीबोर्डवर यातली अक्षरे गळतात. त्यानंतर आपल्या खेळातली खरी जुळणी, उदाहरणार्थ शिफ्ट, W, A आणि स्पेस, अशीच तपासावी. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा हा निकाल भरवशाचा.

पोलिंग रेट म्हणजे संगणक सेकंदाला किती वेळा कीबोर्डला विचारणा करतो तो आकडा. त्याची वाटचाल यूएसबीच्या वेगाबरोबर झाली. सुरुवातीच्या मंदगती जोडणीत संगणक साधारण दर ८ मिलिसेकंदांनी कीबोर्डला विचारणा करी, म्हणजे १२५ हर्ट्झ. पुढे पूर्णगती जोडणीने ती १ मिलिसेकंदावर आणली, म्हणजे १००० हर्ट्झ, आणि उच्चगती जोडणीने ०.१२५ मिलिसेकंदावर, म्हणजे ८००० हर्ट्झ. सरासरी वाट पाहणे यातल्या निम्मे धरले तर १२५ वरून १००० वर गेल्यास साडेतीन मिलिसेकंद वाचतात. १००० वरून ८००० वर गेल्यास अर्धा मिलिसेकंदही वाचत नाही. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. शिवाय धातूचे संपर्क दाबताना किंचित थरथरतात. ती थरथर गाळण्यासाठी अनेक कीबोर्ड ५ मिलिसेकंदांच्या आसपास थांबतात आणि पोलिंग कितीही वाढवले तरी ते थांबणे तसेच राहते. १००० हर्ट्झच्या पुढे हौशी खेळाडूने जास्तीचे पैसे घालावेत असे मला वाटत नाही.

ॲक्च्युएशन पॉइंट म्हणजे बटण किती खाली गेल्यावर नोंद होते ते. मेकॅनिकल स्विचमध्ये ४ मिलिमीटर प्रवासातले २ मिलिमीटर हे रूढ माप. वेगवान म्हणवणाऱ्या स्विचमध्ये ते १.२ च्या आसपास येते. इतक्या उथळ बटणावर नुसती टेकलेली बोटेही नोंद करून जातात. खेळात नको तेव्हा ग्रेनेड सुटतो आणि त्याच कीबोर्डवर पत्र लिहिताना अक्षरे दुप्पट उमटतात. सवय नसलेल्याला २ मिलिमीटरच सुखाचे.

अलीकडची उलथापालथ चुंबकीय स्विचची आहे. बटणाखालचा चुंबक किती जवळ आला ते सेन्सर मोजतो, त्यामुळे नोंदीची खोली सॉफ्टवेअरमधून बदलता येते आणि बटण जरासे वर येताच ते सोडल्याची नोंद होते. याच काळात विरुद्ध दिशेची दोन बटणे एकत्र दाबली तर शेवटचेच धरणारी सोय काही कीबोर्डांत आली. ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर तिला मज्जाव झाला, कारण चटकन थांबून नेम धरण्याचे कसब ती हातातून काढून घेत होती.

चुंबकीय कीबोर्डात प्रत्येक बटणाला स्वतःचा सेन्सर असतो. सिग्नलने शेजारच्या बटणांमधून फिरून यावे अशी वाटच तिथे नाही, त्यामुळे भूतही नाही आणि जाळीमुळे होणारे गळणेही नाही. अँटी-घोस्टिंगची खरी विचारपूस करायची ती स्वस्त मेंब्रेन कीबोर्ड घेताना.