रात्रीचा भात, सकाळची फोडणी आणि मधले आठ तास

लग्नघरी किंवा सप्ताहाच्या पंगतीनंतर उरलेला भात सकाळी कढईत पडतो. मोहरी, कांदा, मिरची, हळद, वर शेंगदाणे. चांगला वाफेपर्यंत परतलेला, ताटात गरम गरम आलेला भात बाधेल असं कुणाच्या मनात येत नाही. तरीही खाल्ल्यावर दोन-तीन तासांत चार-सहा जणांना मळमळ सुरू होते आणि मग उलट्या लागतात. दोष तेलाला, उन्हाला, नाहीतर पाण्याला दिला जातो. भाताकडे बोट क्वचितच जातं, कारण तो तर गरम केलेला होता.

हा समज नेमका कुठे चुकतो ते समजायला १९७१ सालच्या इंग्लंडमध्ये जावं लागतं. तिथे चिनी पद्धतीच्या हॉटेलांत फ्राइड राइस खाल्लेल्या लोकांना काही तासांत उलट्या होऊ लागल्या. तपासात सापडला बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू. या हॉटेलांत भात मोठ्या प्रमाणात शिजवून उघड्यावर ठेवून देत. फ्रिजमध्ये ठेवला की दाणे एकमेकांना चिकटतात, बाहेर ठेवला की मोकळे राहतात. मग गिऱ्हाइकाची ऑर्डर आली की अंडं घालून मोठ्या आचेवर झटकन परतायचा. आपल्याकडे फोडणीच्या भाताला आदल्या दिवशीचाच मोकळा भात लागतो, त्यामागे हेच कारण आहे, आणि धोकाही तोच.

बॅसिलस सेरियस मातीत राहतो. धान्य मातीतून येतं, म्हणून तांदळात, डाळींत, मसाल्यांत तो थोडाफार असतोच. तांदूळ चार पाण्यांनी धुतला तरी सगळा जात नाही. परिस्थिती वाईट झाली की हा जिवाणू बीजाणू बनवतो, म्हणजे जाड कवचात स्वतःला बंद करून घेतो. उघड्या पातेल्यात भात १०० अंशांना शिजतो तेव्हा बाकीचे बहुतेक जंतू मरतात, पण यातले काही बीजाणू तग धरतात. इतकंच नाही, त्या उष्णतेने ते जागे होतात. भात निवायला लागला की त्यांना ओलं, पिठूळ, जवळजवळ रिकामं रान मिळतं, कारण स्पर्धेतले इतर जंतू शिजताना संपलेले असतात.

साधारण १० ते ५० अंशांच्या दरम्यान हा जिवाणू वाढू शकतो, ३० ते ३७ अंशांना सर्वांत जोमाने. पुरेशी दाट वस्ती झाली की त्याच्या काही जाती सेरेयुलाइड नावाचं विष भातात सोडतात. हे विष साधारण २० ते ३० अंशांना जास्त तयार होतं. मराठवाड्यात मे महिन्यातल्या रात्री घरातलं तापमान किती असतं ते आठवून बघा. परभणी-नांदेडकडे पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात ते मध्यरात्रीही तिशीच्या आसपास असतं. म्हणजे ‘भात निवायला ठेवलाय’ असं आपण म्हणतो तेव्हा तो जिवाणूला सर्वांत मानवणाऱ्या तापमानापर्यंत उतरतो आणि तिथेच थांबतो.

सेरेयुलाइड हा या गोष्टीतला खरा खलनायक. प्रथिनांच्या लांब घड्या असलेली बरीच विषं उष्णतेने उलगडतात आणि निकामी होतात. सेरेयुलाइड तसं नाही. बारा घटकांची ती एक छोटी बंद कडी आहे. उलगडायला घडी नाही, आणि पोटातल्या पाचक रसांना कापायला सुटं टोक नाही. १२१ अंशांना दीड तास ठेवलं तरी ते टिकतं. घरच्या प्रेशर कुकरमध्ये तापमान जेमतेम तिथवर जातं, आणि कढईत आपण भात पाच-दहा मिनिटं परततो. त्या परतण्याने जिवाणू मरतात, विष तसंच राहतं. पोटात गेल्यावर ते जठराजवळच्या मज्जातंतूच्या टोकांना चेतवतं आणि मेंदूतलं उलटीचं केंद्र जागं होतं. जिवाणू पोटात वाढण्याची वाट बघावी लागत नाही, म्हणून त्रास अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत सुरू होतो.

वासावर भरवसा ठेवता येत नाही, कारण या विषाला वास नाही, चव नाही. त्यात उलटी आणणाऱ्या जाती बहुधा स्टार्च फोडत नाहीत, त्यामुळे त्यांच्यामुळे भात चिकट किंवा बुळबुळीत होत नाही. आंबलेला, तार सुटलेला भात आपण फेकतोच. बाधणारा भात मोकळा, पांढरा आणि चांगलाच दिसू शकतो.

आता एक रात्र हिशेबाने बघू. समजा, मे महिन्यात एका गावात साखरपुडा झाला आणि फूटभर खोल पातेलं भरून भात उरला. रात्री नऊ वाजता त्यावर झाकण पडलं आणि पातेलं माजघरात गेलं. भातातून उष्णता फार हळू वाहते. जाडी दुप्पट झाली की आतली उष्णता बाहेर यायला साधारण चौपट वेळ लागतो. त्यामुळे एवढ्या पातेल्याचा मधला गाभा पहाटेपर्यंतही चांगला गरम राहतो. सकाळी हात लावून ‘अजून ऊन आहे, म्हणजे चांगला आहे’ असं म्हटलं जातं ते त्यामुळेच. पण कडेचे दोन-तीन बोटांचे थर साडेअकराच्या सुमारास ५० अंशांच्या खाली आलेले असतात. आतून सतत ऊब येत राहते आणि झाकणामुळे ओल कोंडलेली असते, म्हणून ते थर रात्रभर जिवाणूच्या आवडीच्या तापमानात बसून राहतात.

धरून चालू की त्या थरात एका ग्रॅमला फक्त १० बीजाणू वाचले. त्यांना जागं व्हायला तासभर दिला तर साडेबाराला वाढ सुरू होते. चांगल्या उबेत भातात दर अर्ध्या तासाला संख्या दुप्पट होते असं मानलं, तर सात तासांत चौदा दुपटी होतात. सकाळी साडेसातला एका ग्रॅममध्ये दीड लाखाच्या वर, आणि नऊ वाजता तेरा लाखांच्या घरात. एका ग्रॅमला लाखाच्या पुढे गेलेली संख्या धोक्याची मानतात. रात्री अकरा वाजेपर्यंत हाच भात निर्धास्त खाता आला असता. नंतर झाऱ्याने कडेचा आणि मधला भात एकत्र कालवला जातो, फोडणी पडते, आणि जे कडेला होतं ते सगळ्यांच्या ताटात जातं. साडेनऊला न्याहारी झाली तर अकरा-बारापर्यंत उलट्या.

या हिशेबात आपल्या हातात असलेली गोष्ट एकच, भाताचा थर. पंगत उठताच उरलेला भात मोठ्या पातेल्यातून काढून परातींत पसरायचा, दोन बोटांपेक्षा जाड नको. झाकण लगेच ठेवायचं नाही. वर पातळ स्वच्छ सुती कापड टाकून पंखा लावायचा आणि मधून मधून झाऱ्याने हलवायचा. उन्हाळ्यात मराठवाड्याची हवा कोरडी असते, ही इथे जमेची बाजू. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने पसरलेल्या भाताची वाफ उडताना तो झपाट्याने निवतो. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा हा फायदा मिळत नाही. तेव्हा परात बर्फाच्या पाण्यात ठेवणं बरं. छतावरच्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात स्वतःच तापलेलं असतं, त्याचा भात निववायला काही उपयोग नाही. मंडपात बर्फाची लादी आलेली असेल तर तिचा एक तुकडा या कामाला राखून ठेवायला आचाऱ्याला आधीच सांगावं.

मोठ्या स्वयंपाकघरांसाठी अमेरिकी नियम असा आहे: शिजलेलं अन्न दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि त्यानंतरच्या चार तासांत ५ अंशांच्या आसपास आलं पाहिजे. ब्रिटनमध्ये घरच्या भातासाठी तासाभरात निववा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दिवसभरात संपवा असा सल्ला देतात. थोडक्यात भात निवताच उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये गेला पाहिजे. गरम पातेलं तसंच्या तसं फ्रिजमध्ये ठेवण्याने साधत नाही. भाताचा गाभा तासन्‌तास उबदार राहतो, आणि शेजारचं दूध-भाजीही तापतं. फ्रिजच्या चार-पाच अंशांत हा जिवाणू विष तयार करत नाही. पण रात्रभर वीज गेली असेल आणि सकाळी डबा हाताला गार लागत नसेल, तर तो भात बाहेर राहिलेलाच समजावा.

फ्रिज नसेल, किंवा भात फ्रिजमध्ये न मावणारा असेल, तर दोन वाटा उरतात. एक, भात ६० अंशांच्या वर गरमच ठेवणं, म्हणजे पातेलं मंद निखाऱ्यांवर आणि वाफ दिसेल इतका गरम. पंगत चालू असताना हे जमतं, रात्रभर नाही. दुसरी वाट पंगत बघून भात लावण्याची: एकदम मोठा टोप चढवण्याऐवजी लहान लहान घाणे. अनुभवी आचारी हे करतातही. ‘भात कमी पडला तर नाव जाईल’ ही यजमानाची भीती मी समजू शकतो, पण तांदूळ धुवून तयार ठेवला तर नवा घाणा अर्ध्या तासात उतरतो.

उलट्या झाल्याच तर बहुतेकांचा त्रास एका दिवसात थांबतो. ताप सहसा नसतो. मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस घोट घोट देत राहणं हाच मुख्य उपचार. अँटिबायोटिकच्या इंजेक्शनचा हट्ट धरू नये, कारण त्रास आधीच बनलेल्या विषाचा आहे, जिवाणू मारून तो कमी होत नाही. मात्र याला नेहमीच किरकोळ समजू नये. बेल्जियममध्ये २००८ साली एका विशीतल्या विद्यार्थ्याने पाच दिवस स्वयंपाकघरात बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ली आणि तो रात्रीतच दगावला. जास्त मात्रेत सेरेयुलाइड यकृताच्या पेशींतली ऊर्जा बनवणारी यंत्रणा बंद पाडतं. उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल, गुंगी येत असेल, डोळे पिवळे दिसत असतील किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर घरी थांबू नये.

डॉक्टरांना दोन वेळा नेमक्या सांगाव्यात: खाल्लं किती वाजता आणि पहिली उलटी किती वाजता. त्यातलं अंतर सहा तासांच्या आत असेल तर आधीच तयार असलेल्या विषाचा संशय येतो. हाताळलेल्या पेढ्या-बासुंदीतून स्टॅफिलोकोकस नावाचा जिवाणूही असंच करतो, म्हणून केवळ लक्षणांवरून दोघांत फरक करता येत नाही. उरलेला भात फेकू नये. स्वच्छ डब्यात भरून, चिठ्ठी लावून फ्रिजमध्ये ठेवावा आणि आरोग्य केंद्राला तसं सांगावं. फोडणीत जिवाणू मेलेले असू शकतात, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने जिवाणू वाढवून बघितलं तर काहीच उगवत नाही आणि भात निर्दोष ठरतो. म्हणून त्यात विष आहे का, ही तपासणी वेगळी मागावी लागते, आणि फोडणी न दिलेला पांढरा भात थोडा जरी शिल्लक असेल तर तोही सोबत द्यावा.