कॅगच्या अहवालातून हवा तो परिच्छेद शोधणे

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक म्हणजेच कॅग यांचे राज्यांविषयीचे अहवाल संविधानाच्या अनुच्छेद १५१(२) नुसार राज्यपालांकडे जातात आणि विधिमंडळात मांडले जातात. त्यातले 'राज्य वित्त' अहवाल बरेच जाडजूड असतात. ते पहिल्या पानापासून वाचत बसण्यापेक्षा मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि परिशिष्टे या वाटेने गेले, तर हवी ती माहिती काही मिनिटांत सापडते.

मुखपृष्ठावर दोन वर्षे असतात आणि पहिली चूक तिथेच होते. '३१ मार्च रोजी संपलेले वर्ष' हे हिशेबाचे वर्ष, तर अहवाल क्रमांकासोबतचे वर्ष बहुधा पुढचे असते. शोधताना हिशेबाचे वर्षच धरावे. राज्य वित्त अहवालात खर्च, कर्ज आणि अर्थसंकल्प पाहावा. एखाद्या योजनेच्या अंमलबजावणीची तपासणी बहुधा वेगळ्या अहवालात असते.

समजा, एका विभागाने दिलेल्या अनुदानांची किती उपयोगिता प्रमाणपत्रे, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचे दाखले, थकली आहेत, हे पाहायचे आहे. अलीकडच्या राज्य वित्त अहवालांत हा विषय चौथ्या प्रकरणात, लेख्यांच्या गुणवत्तेखाली येतो. जुन्या तीन प्रकरणांच्या मांडणीत तो तिसऱ्या प्रकरणात असे. अनुक्रमणिकेत पानाआधी परिच्छेद क्रमांक टिपून घ्यावा, कारण मराठी आणि इंग्रजी आवृत्त्यांत पाने बदलली तरी हा क्रमांक सहसा तोच राहतो.

पीडीएफमध्ये आणखी एक अडचण येते. प्रस्तावना आणि सारांशाची पाने रोमन अंकांत असतात, त्यामुळे छापील पान क्रमांक आणि पडद्यावरचा क्रमांक जुळत नाहीत. छापील पान १ पडद्यावर २५ वे दिसले, तर फरक २४ चा. म्हणजे छापील ९७ साठी १२१ टाकावे. प्रकरणांमध्ये क्रमांक नसलेली पाने घातली असतील, तर पुढे हा फरक एक-दोनने वाढतो. स्कॅन केलेल्या किंवा जुन्या फॉन्टमधल्या मराठी प्रतीत शब्द शोधून काहीच सापडत नाही. त्यावरून तो विषय अहवालात नाही, असे समजू नये. अशा वेळी अनुक्रमणिकेवरच विसंबावे.

अनुक्रमणिकेच्या शेवटी परिशिष्टांची यादी असते आणि माझ्या मते घाईत असलेल्याने आधी तीच पाहावी. परिशिष्टाचा पहिला आकडा प्रकरणाचा असतो, म्हणून ४ ने सुरू होणारी परिशिष्टे चौथ्या प्रकरणाची. बहुतेक याद्यांत कोणते परिशिष्ट कोणत्या परिच्छेदाशी जोडले आहे, तेही दिलेले असते. परिच्छेदात बहुधा राज्याची एकूण रक्कम आणि वर्षवार तक्ता मिळतो. विभागवार फोड दिली असेल, तर तिची जागा परिशिष्टात असते.

आकडा उचलण्याआधी तक्त्याच्या डोक्यावरचे एकक वाचावे, कारण एक तक्ता कोटींत आणि दुसरा लाखांत असू शकतो. मग परिशिष्टाची बेरीज परिच्छेदातल्या एकूण रकमेशी ताडून पाहावी. ती जुळली नाही, तर दोन तक्त्यांची तारीख किंवा कालावधी वेगळा आहे का, हे तळटीपेत पाहावे. एखाद्या जिल्ह्याचा किंवा संस्थेचा आकडा मात्र विभागवार परिशिष्टातून निघत नाही. त्यासाठी त्या विभागाकडेच माहिती मागावी लागते.