चाचेगिरी आणि सनदी लूट : सातारा दरबार व आंग्रे

समुद्रावर दुसऱ्याचे जहाज अडवून माल काढून घेणे ही एकच कृती कायद्याने कधी गुन्हा ठरते, तर कधी युद्धाचा मान्य प्रकार. चाचा स्वतःच्या फायद्यासाठी, कोणाच्याही हुकुमाशिवाय, मिळेल ते जहाज लुटतो. सनदी लुटारू हाही खासगीच माणूस असतो. जहाज त्याचे, खलाशी त्याचे आणि खर्चही त्याचा. पण त्याच्याजवळ राजाची लेखी सनद असते. या सनदेने त्याला ठरावीक शत्रूची जहाजे धरायची मुभा मिळते. तिसरा प्रकार सरकारी आरमाराच्या सरदाराचा. त्याला वेगळी सनद लागत नाही, कारण तो स्वतःच राज्याचा अंमलदार असतो. या तिघांची गल्लत झाली की काय होते, हे साताऱ्याच्या छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, असलेल्या आंग्रे घराण्याच्या इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसते.

सनदेच्या अटी

सतराव्या शतकातील युरोपीय रिवाजात सनदेची खरी कसोटी लुटीनंतर लागत असे. धरलेले जहाज परस्पर विकता येत नसे. ते बंदरात आणून आरमारी न्यायालयापुढे उभे करायचे, त्यावरची कागदपत्रे हजर करायची, आणि ते शत्रूचेच होते असा निवाडा झाला की मग माल विकून राजा, जहाजमालक व खलाशी यांच्यात वाटणी करायची. हा निवाडा मिळण्याआधी मालाला हात लावला, तर खिशात सनद असूनही मनुष्य चाच्यांत जमा होई.

विल्यम किड याचे असेच झाले. १६९६ मध्ये इंग्लंडच्या राजाची सनद घेऊन तो निघाला. फ्रेंचांची जहाजे धरायची आणि चाच्यांचाही बंदोबस्त करायचा, असे त्याचे काम होते. जानेवारी १६९८ मध्ये मलबार किनाऱ्यालगत त्याने ‘केदा मर्चंट’ हे मोठे जहाज धरले. जहाजावरचा माल मुख्यतः आर्मेनियन व्यापाऱ्यांचा होता, कप्तान इंग्रज होता, पण प्रवासाचा परवाना फ्रेंचांचा होता. त्या काळी समुद्रावरचे व्यापारी एकाहून अधिक सत्तांचे परवाने बाळगत आणि समोर ज्याचे निशाण दिसेल त्याप्रमाणे कागद पुढे करत. किडने मुद्दाम फ्रेंच निशाण चढवले होते, म्हणून त्याला फ्रेंच कागद दाखवण्यात आला. त्या कागदाच्या आधारे हे जहाज कायदेशीर लूट ठरू शकले असते. पण किडने ते न्यायालयापुढे नेले नाही. माल विकला आणि खलाशांत वाटून टाकला. पुढे खटल्यात ते फ्रेंच परवाने त्याला हजर करता आले नाहीत. लंडनच्या सरकारी दप्तरात ते विसाव्या शतकात सापडले. मे १७०१ मध्ये त्याला फाशी झाली. सनद खरी होती आणि परवानेही खरे होते; तो चाचा ठरला तो चुकलेल्या पद्धतीमुळे.

सातारची सनद

कान्होजी आंग्रे आधी महाराणी ताराबाईंच्या बाजूचे होते. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी पाठवलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच त्यांनी कैद केले. मग बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला गेले. कान्होजींनी साताऱ्याच्या छत्रपतींना धनी मानले, आणि महाराजांनी त्यांचे सरखेलपद कायम करून किनाऱ्यावरील किल्ले व मुलूख त्यांच्याकडे ठेवला. सातारा हे घाटमाथ्यावरचे राजधानीचे शहर, समुद्रापासून दूर. पण कोकण किनाऱ्यावर कोणते जहाज अडवायचे याचा कायदेशीर अधिकार तेव्हापासून तिथल्या गादीच्या नावाने चालू लागला. साताऱ्याजवळच्या धावडशीला राहणाऱ्या ब्रह्मेंद्रस्वामींचे शिष्य शाहू महाराज आणि पेशव्यांप्रमाणे आंग्रेही होते. देशावर आणि कोकणात किती घट्ट नाते होते, हे या सर्वांनी स्वामींशी केलेल्या पत्रव्यवहारावरून दिसते. कान्होजी म्हणजे किनाऱ्यावरचा कोणी एकटा दांडगा पुरुष, हे इंग्रजी चित्र त्यापुढे टिकत नाही.

म्हणून कान्होजींना चाचा म्हणणे तर चूक आहेच, पण सनदी लुटारू म्हणणेही बरोबर नाही. किल्ले, मुलूख, जकात आणि आरमार सांभाळणारा तो दरबारचा अधिकारी होता.

त्यांच्या कारभाराचे मुख्य साधन म्हणजे दस्तक. मराठ्यांच्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने पैसे भरून परवाना घ्यायचा. जवळ दस्तक नसेल, तर जहाज धरले जाई. ही रीत कान्होजींनी नव्याने काढलेली नव्हती. पोर्तुगीज दोनशे वर्षे हेच करत होते. त्यांच्या परवान्यावर, म्हणजे कर्ताजावर, जहाजाचे नाव, नाखवा, तोफा, माल आणि जायचे बंदर नोंदलेले असे, आणि कर्ताज नसलेले जहाज ते जप्त करत. मुंबईचे इंग्रजही आपले परवाने देत असत.

भांडण पेटले ते इथेच. १७१३ च्या तहात कान्होजींनी इंग्रजांच्या जहाजांना त्रास न देण्याचे मान्य केले. पण इंग्रजांचे जहाज म्हणजे कोणते? ईस्ट इंडिया कंपनीच्या मालकीचे, की कंपनीचा परवाना घेतलेल्या कोणाही व्यापाऱ्याचे? १७१७ च्या सुमारास आंग्र्यांनी ‘सक्सेस’ नावाचे जहाज धरले. ते कंपनीच्या सुरतेच्या दलालाचे होते. मुंबईकरांच्या मते आपले निशाण, आपला परवाना, म्हणजे जहाज आपले. कान्होजींचे म्हणणे असे की देशी व्यापाऱ्याचा माल इंग्रजी कागदाआड लपवला, तर मराठ्यांच्या दस्तकाला अर्थच उरत नाही. कायद्याच्या दृष्टीने हा दोन सत्तांमधला परवान्याचा वाद होता. मुंबईने त्याला चाचेगिरी म्हटले, कारण त्या शब्दाने तहाची भाषा बाजूला पडते आणि तोफांची वाट मोकळी होते. १७२४ मधल्या पत्रव्यवहारात मुंबईच्या गव्हर्नरने लुटारूपणाचा आरोप केला, तेव्हा कान्होजींनी उलट विचारले की दुसऱ्याचे ते आपले व्हावे ही हाव व्यापाऱ्यांना तरी कुठे सुटली आहे. आणि शिवाजी महाराजांनी चार बादशाह्यांशी लढून उभे केलेले हे राज्य आहे, याची आठवण करून दिली.

आरमारे लूट कशी थांबवत

खुल्या समुद्रात पाठलाग करून चाचे क्वचितच संपतात. आंग्र्यांच्या आरमाराशी लढताना मुंबईला हे फार महागात कळले. गुराब या मराठ्यांच्या मोठ्या लढाऊ जहाजांच्या तोफा नाळेवरून सरळ पुढे मारा करत, आणि गलबते चाळीस-पन्नास वल्ह्यांनी चालत. वारा पडला की इंग्रजांचे उंच शिडाचे जहाज जागच्या जागी थांबे. तेव्हा गलबते गुराबांना ओढत त्याच्या मागच्या बाजूला आणत, कारण तिथे त्याच्या बाजूच्या तोफा पोचत नसत. शिडे आणि डोलकाठ्या फोडून झाल्या की माणसे वर चढत. वारा सुटला आणि डाव उलटू लागला, तर ही उथळ बांधणीची जहाजे खाडीत शिरत. मोठे जहाज मागे गेले तर गाळात रुतायचे.

म्हणून खरे लक्ष्य जहाज नसून बंदर असते. मुंबईने १७१७ मध्ये विजयदुर्ग आणि १७१८ मध्ये खांदेरी घ्यायचा प्रयत्न केला, दोन्ही फसले. १७२० मध्ये विजयदुर्गापुढे जाड भिंतींचा तरंगता तोफखाना नेऊनही किल्ला पडला नाही. १७२१ मध्ये तर इंग्लंडच्या राजाचे आरमार कमोडोर मॅथ्यूज याच्या हाताखाली आले. त्याला मादागास्करच्या खऱ्याखुऱ्या चाच्यांचा बंदोबस्त करायला पाठवले होते; डिसेंबरमध्ये ते पोर्तुगिजांबरोबर अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले. मग घाटावरून छत्रपतींची फौज उतरली. पोर्तुगिजांनी जानेवारी १७२२ मध्ये वेगळा तह केला आणि मोहीम फसली. एखाद्या चाच्याच्या मदतीला राजधानीतून फौज धावत येत नाही. आणि ती आली, यापेक्षा कान्होजींच्या दर्जाचा दुसरा पुरावा मागायची गरज नाही.

इंग्रजांनाही हे उमगले होते. १७३९ मध्ये वसई पडल्यावर मुंबईने कॅप्टन गॉर्डन याला थेट शाहू महाराजांकडे वकील म्हणून पाठवले.

सनद सैल झाली तेव्हा

कान्होजी १७२९ मध्ये वारले. मुलांत फूट पडून कुलाबा आणि विजयदुर्ग अशी दोन ठाणी झाली. विजयदुर्गच्या तुळाजींना शाहू महाराजांनीच सरखेलपद दिले. १७४९ मध्ये त्यांनी मुंबईचे ‘रिस्टोरेशन’ हे लढाऊ जहाज धरले. आंग्रे तेव्हाही दुबळे नव्हते. पण त्याच वर्षी १५ डिसेंबरला साताऱ्यात महाराजांचे निधन झाले आणि सत्ता पुण्याकडे सरकली. तुळाजींनी पेशव्यांचा हुकूम मानला नाही. आजवर किल्ल्यांच्या पाठीशी जो डोंगराकडचा मुलूख होता, तोच शत्रू झाला.

मार्च १७५५ मध्ये पेशवे आणि मुंबईकर यांचा तह झाला. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हचे सैन्य विजयदुर्गापुढे आले. जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज होती. बाहेर पडायला वाट न उरलेली आंग्र्यांची जहाजे किल्ल्याखाली एकमेकांना खेटून बांधलेली होती. १२ तारखेला एक तोफगोळा त्याच ‘रिस्टोरेशन’वर पडला. ते पेटले, दोर जळाले आणि आग एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली. काही तासांत सारे आरमार जळून गेले. रात्री क्लाइव्हने आपली माणसे किल्ला आणि मराठा छावणी यांच्यामध्ये उतरवली. दोस्तांनी आधी आत शिरू नये, एवढ्यासाठीच ही धडपड होती. किल्ल्यात मिळालेले सुमारे दहा लाख रुपये इंग्रजांनी आपसात वाटून घेतले. ही वाटणी त्यांनी हल्ल्याआधीच ठरवून ठेवली होती. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले ते कायमचेच.

यात चाचेगिरीचे दमन झाले असे इंग्रजी ग्रंथ लिहीत आले. बंडखोर सरदाराला वठणीवर आणणे हा मराठी राज्याचा घरचा प्रश्न होता. त्यासाठी स्वतःचेच आरमार परक्याच्या तोफांनी जाळू देणे ही पेशवे नानासाहेबांची घोडचूक होती, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

पुढील कायदा

सनदी लुटीची पद्धत १६ एप्रिल १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने बंद झाली. अमेरिकेने मात्र त्यावर सही केली नाही. १९८२ च्या समुद्र कायदा करारात चाचेगिरीची व्याख्या आली. खासगी हेतूने, खासगी जहाजावरील लोकांनी, कोणत्याही देशाच्या हद्दीबाहेरच्या समुद्रात दुसऱ्या जहाजावर केलेला हिंसाचार किंवा लूट म्हणजे चाचेगिरी. असे जहाज कोणताही देश धरू शकतो आणि आपल्या न्यायालयात खटला चालवू शकतो. पण त्यासाठी त्या देशाचा स्वतःचा कायदा असावा लागतो. भारतात तो २०२२ मध्ये झाला. मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाने ‘रुएन’ हे अपहृत मालवाहू जहाज सोडवले. त्यावरचे १७ खलाशी सुखरूप सुटले, आणि ३५ सोमाली चाच्यांना ‘आयएनएस कोलकाता’ने मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले.