‘योग्य ती कार्यवाही’ आणि ‘आगाऊ धन्यवाद’: दोन वाक्ये, दोन वेगळ्या उणिवा

‘काइंडली डू द नीडफुल’ आणि ‘थँक्स इन अॅडव्हान्स’ ही वाक्ये आपल्याकडच्या कार्यालयीन मेलच्या शेवटी बहुधा जोडीनेच येतात आणि मराठी मेलमध्ये त्यांची जागा ‘योग्य ती कार्यवाही करावी’ व ‘आगाऊ धन्यवाद’ घेतात. दोन्ही जुनाट, दोन्ही टाळावीत, असे सरसकट सांगितले जाते. परंतु पहिल्या वाक्यात काम काय आहे हे झाकले जाते, तर दुसऱ्यात ते करायचे की नाही हे ठरवण्याची समोरच्याची मोकळीक झाकली जाते. म्हणून दोन्हींना एकच पर्याय चालत नाही.

‘नीडफुल’ हा ब्रिटिश पत्रव्यवहारातला जुना शब्द. तिकडे तो मागे पडला, आपल्याकडे टिकला. सांगलीत एखाद्याच्या टेबलासमोर उभे राहून ‘साहेब, आमचं तेवढं बघा की’ म्हटले, तर ‘तेवढं’ म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक असते. मेल वाचणाऱ्यासमोर मात्र आपण उभे नसतो.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेखा विभागात काम करत असताना मी स्वतःच ही चूक केली. एका पुरवठादाराचे जुलैचे एक लाख रुपयांचे बिल, म्हणजे त्यावरचा १८ टक्क्यांचा १८,००० रुपयांचा कर, आमच्या जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून दरमहा तयार होणाऱ्या आमच्या कर-क्रेडिटच्या यादीत, दिसत नव्हता, कारण त्यांच्याकडून ते बिल जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात घ्यायचेच राहिले होते. मी सप्टेंबरच्या सुरुवातीला बिल जोडून लिहिले, ‘कृपया योग्य ती कार्यवाही करावी. आगाऊ धन्यवाद.’ दुसऱ्या दिवशी त्याच बिलाची सही-शिक्क्यासह नवी प्रत अगदी नम्रपणे माझ्याकडे आली. त्यांच्या दृष्टीने योग्य ती कार्यवाही झाली होती. १४ तारखेला नवे २बी तयार झाले, त्यातही बिल नव्हते आणि त्या १८,००० रुपयांचे क्रेडिट आणखी एक महिना लांबले.

तो मेल असा हवा होता: ‘आपले जुलैचे सोबतचे बिल आमच्या २बीमध्ये दिसत नाही. कृपया ते आपल्या ऑगस्टच्या जीएसटीआर-१मध्ये घ्यावे आणि ११ सप्टेंबरपर्यंत विवरणपत्र भरल्यावर कळवावे. ते आधीच दाखवले असल्यास कोणत्या महिन्यात व कोणत्या जीएसटी क्रमांकावर, ते कळवावे.’ यात नम्रता कमी झालेली नाही. फक्त ‘योग्य ती’च्या जागी एक क्रियापद, एक तारीख आणि काम झाल्याची खूण आली आहे. मेल इंग्रजीत असेल तरी हेच करावे. ‘काइंडली’ऐवजी साधे ‘प्लीज’ लिहून त्यापुढे थेट ‘इन्क्लूड’, ‘साइन’ किंवा ‘अप्रूव्ह’ असे नेमके क्रियापद द्यावे.

‘योग्य ती कार्यवाही’ सर्वत्र चुकीचीच असते असेही नाही. आलेला अर्ज जिल्हा कार्यालयातून संबंधित शाखेकडे ‘पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पाठवला जातो, तेव्हा त्या अर्जाचे काय करायचे हे त्या शाखेलाच अधिक माहीत असते आणि त्या शब्दांनी फक्त जबाबदारी सोपवली जाते.

‘आगाऊ धन्यवाद’चे दुखणे निराळे आहे. (‘आगाऊ’ या शब्दाचा दुसरा अर्थ इथे उगाच आठवतो, आणि तो अगदीच गैरलागू नाही.) साताऱ्याच्या शाखेतील वरिष्ठांना आपण लिहितो, ‘शनिवारी सुटी असली तरी साठ्याच्या मोजणीसाठी सकाळी दहाला यावे. आगाऊ धन्यवाद.’ इथे काम, दिवस, वेळ, सगळे स्पष्ट आहे. तरीही वाचणाऱ्याला खटकते, कारण होकार देण्याआधीच तो गृहीत धरून त्याची पोच दिली गेली आहे आणि आता नकार द्यायचा तर मिळालेले आभार परत केल्यासारखे होते. याला पर्याय म्हणून नुसते ‘मनःपूर्वक आभार’ लिहिले, तरी गृहीत धरणे तसेच राहते. त्याऐवजी लिहावे, ‘शनिवारी सकाळी दहाला मोजणीसाठी येणे आपल्याला जमेल का? गुरुवारपर्यंत कळवल्यास, न जमल्यास मला दुसरी सोय करता येईल.’ आभार सोमवारी मानावेत, आणि तेही नेमके: ‘आपण आलात म्हणून मोजणी एका दिवसात उरकली.’

मात्र ही ‘जमेल का’ची भाषा पुरवठादाराच्या मेलमध्ये नेऊ नये, कारण तिथे काम करायचे की नाही हा प्रश्नच नसतो. मी पुढे एकदा तेही केले होते; ‘शक्य झाल्यास ११ तारखेपर्यंत बिल दाखवावे’ असे लिहिले आणि ‘या महिन्यात शक्य झाले नाही’ असे तितकेच सभ्य उत्तर आले.