‘भ’चा ‘म’ होतो तेव्हा: सबटायटलच्या काळ्या किनारीमागचं विज्ञान

आमच्या गावच्या दिंडीचं बारा मिनिटांचं चित्रण मी सबटायटल घालून मामांना दाखवत होतो. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मराठी बोलण्याला मराठीच अक्षरं. डोक्यावर तुळस घेतलेली एक आजी म्हणते, “डोक्यावरचा भार जाणवत नाही.” मामांनी मोठ्याने वाचलं, “डोक्यावरचा मार जाणवत नाही,” आणि माझ्याकडे बघून विचारलं, “हिला कुणी मारलं?”

मी चित्र थांबवलं आणि जवळ जाऊन पाहिलं. अक्षरं पांढरी होती, त्यांच्या मागे पांढरी धोतरं आणि टोप्या होत्या. भ आणि म यांच्यात फरक असतो तो मुख्यतः डोक्याशी. ‘म’वर शिरोरेषा सलग जाते, ‘भ’ला डाव्या बाजूला ती तुटते आणि तिथे एक छोटी फट राहते. ध आणि घ यांचंही तसंच. ती फट म्हणजे रिकामी जागा, आणि रिकाम्या जागेतून मागचं चित्र दिसतं. त्या क्षणी नेमकी एका वारकऱ्याची टोपी त्या फटीमागे आली होती. फट पांढऱ्याने भरली आणि ‘भ’चा ‘म’ झाला.

दोन रंग एकमेकांपासून किती उठून दिसतात, हे मोजायला एक साधं गुणोत्तर वापरतात. काळ्याचं प्रकाशमान 0 आणि शुभ्र पांढऱ्याचं 1 धरून उजळ रंगाच्या प्रकाशमानात 0.05 मिळवायचे, गडद रंगाच्या प्रकाशमानातही 0.05 मिळवायचे आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. शुभ्र पांढऱ्यावर काळं असेल तर उत्तर 21 येतं. वेबसाइटसाठीच्या सुलभतेच्या निकषांत नेहमीच्या मजकुराला किमान 4.5 आणि मोठ्या अक्षरांना किमान 3 मागतात. मी त्या फ्रेममधल्या धोतराचा रंग तपासला. 0 ते 255 च्या मापावर तो 200 च्या आसपास होता, म्हणजे उन्हातला किंचित राखाडी पांढरा. पांढऱ्या अक्षराशी त्याचं गुणोत्तर आलं जेमतेम 1.7. त्याच दृश्यात दोन सेकंदांनी मागे ओला डांबरी रस्ता येतो, रंग साधारण 40, आणि गुणोत्तर एकदम 14 च्या पुढे जातं. अक्षरं तीच, जागा तीच, फक्त मागची माणसं पुढे सरकली. त्यामुळे सबटायटलचा रंग एखादी फ्रेम बघून ठरवता येत नाही.

पण गोष्ट नुसत्या उजेडाची नाही. मागे सपाट राखाडी भिंत असती, तर मामांनी कष्टाने का होईना, बरोबर वाचलं असतं. 1994 साली जोशुआ सॉलोमन आणि डेनिस पेली या दृष्टिसंशोधकांनी अक्षरांवर वेगवेगळ्या जाडीचा ठिपक्याठिपक्यांचा गोंधळ टाकून पाहिला. अतिबारीक गोंधळ फारसा त्रास देत नाही आणि खूप रुंद, ढगासारखा गोंधळही देत नाही. सर्वांत जास्त त्रास देतो तो मधला, ज्याच्या उजेड-अंधाराच्या साधारण तीन जोड्या एका अक्षराच्या रुंदीत बसतात. आपला मेंदू अक्षर ओळखताना नेमका याच मापाचा तपशील बघत असतो. माझं एक अक्षर साधारण 36 पिक्सेल रुंद होतं, म्हणजे 12 पिक्सेलला एक जोडी. धोतराच्या चुण्या, टाळांच्या कडा, लांबच्या माणसांची डोकी, सगळं त्याच मापात होतं. दूरचं गवत किंवा ढगाळ आभाळ मागे असेल तर डोळ्यांना एवढा ताण पडत नाही, ते यामुळेच.

काळी किनार या दोन्ही दुखण्यांवर एकदम काम करते. अक्षराच्या कडेला लागूनच काळा पट्टा आला की मागे काहीही असो, पांढऱ्याशेजारी काळंच राहतं आणि तिथलं गुणोत्तर 21 होतं. मागच्या चुण्याही अक्षराच्या रेघेला थेट चिकटत नाहीत. शिवाय ‘भ’च्या फटीत दोन्ही बाजूंनी किनार शिरते आणि ती फट काळी होते. किनारीने फट बुजली म्हणून काहीजण घाबरतात, पण पांढऱ्या अक्षराची फट काळ्याने भरली तर ती जास्तच स्पष्ट दिसते. अनुस्वाराचा ठिपका आणि शिरोरेषा यांच्यामधल्या जागेचंही तेच.

अट एकच, किनार अक्षराच्या बाहेरच वाढली पाहिजे. बरीच सॉफ्टवेअर ती अक्षराच्या कडेवर मध्यभागी ठेवतात, म्हणजे निम्मी बाहेर आणि निम्मी आत. माझ्या अक्षराची उभी दांडी सुमारे 6 पिक्सेल जाड होती. 4 पिक्सेलची किनार मधोमध बसली तर दोन्ही बाजूंनी दोन-दोन पिक्सेल खाल्ले जातात आणि पांढरी रेघ उरते 2 पिक्सेलची. अनुस्वार तर मुगाच्या दाण्याचा मोहरीएवढा होतो. किनार जसजशी वाढवाल तसतसं अक्षर वाळत गेलं, तर सॉफ्टवेअर हाच घोटाळा करतंय असं समजावं. दुसरा घोटाळा देवनागरीचाच आहे. काही ठिकाणी किनार एकेका अक्षराला सुटी लावली जाते आणि पुढच्या अक्षराची काळी कड मागच्या अक्षराच्या शिरोरेषेवर पडते. सलग रेघ जागोजागी कापल्यासारखी दिसते. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तरी शिरोरेषा तुटते, म्हणून ते शून्यच ठेवावं.

फॉन्ट निवडताना मी हलकी वजनं सरळ बाजूला ठेवतो, कारण बारीक रेघ काळ्या किनारीत बुडून राखाडी दिसते. फार ठळक वजनात रेघाच इतक्या फुगतात की ‘भ’ची फट आतून बंद होते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता फॉन्ट, सेमीबोल्ड वजनात, मला मधला वाटला. ‘भार, मार, धन, घन, संघ, क्षण’ एवढं लिहून सगळ्यांत वाईट फ्रेमवर ठेवायचं आणि दोन हात लांबून वाचायचं, ही माझी परीक्षा.

अक्षरं चित्रावर कायमची छापायला मी ffmpeg या प्रोग्रामला ही आज्ञा दिली:

```
ffmpeg -i dindi.mp4 -vf "subtitles=dindi.srt:force_style='FontName=Mukta SemiBold,FontSize=20,Outline=1,Shadow=0'" -c:a copy out.mp4
```

इथे `Outline=1` म्हणजे एक पिक्सेल नव्हे. सबटायटलची SRT फाइल घेतली की हा प्रोग्राम पडद्याची उंची 288 धरून मापं घेतो, त्यामुळे 1080 ओळींच्या चित्रावर प्रत्येक माप 3.75 पट होतं. एकची किनार पावणेचार पिक्सेलची होते आणि ती बाहेरच वाढते. हे माहीत नसताना मी आधी 4 घातलं होतं, तेव्हा 15 पिक्सेलच्या काळ्या डागात सगळी ओळ पोहत होती.

किनारीऐवजी मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी टाकता येते. निव्वळ पांढऱ्या चित्रावर 50 टक्के गडद पट्टी घातली तर गुणोत्तर 4 च्या आसपास अडतं, 60 टक्क्यांना ते साडेपाचच्या पुढे जातं. वाचायला ती किनारीपेक्षाही शांत. पण वारीत पडद्याच्या खालच्या भागातच पावलं असतात, आणि ती झाकायला माझं मन घेईना. मऊ, पसरट सावलीवर मात्र विसंबू नये. ती कडेपासून लगेच फिकी होत जाते आणि ‘भ’च्या फटीत पुरेसा काळेपणा पोचत नाही.

मामांनी नवी प्रत टीव्हीवर अडखळण न होता वाचली. नंतर तीच नातेवाइकांच्या ग्रुपवर गेली आणि वाटेत 360 ओळींची झाली. सगळी मापं एक तृतीयांश: किनार सव्वा पिक्सेल, ‘भ’ची फट जेमतेम दीड. आता फोनसाठी मी वेगळी प्रत काढतो, `FontSize=26,Outline=1.5` अशी, आणि एका वेळी पडद्यावर कमी शब्द ठेवतो.