नीडल व्हायब्रेटर

ओतलेल्या ताज्या काँक्रीटमध्ये बुडवून त्यातली कोंडलेली हवा बाहेर काढण्याचे यंत्र. याचे तीन भाग असतात: विजेवर किंवा पेट्रोलवर चालणारी मोटर, लांब लवचीक नळी आणि टोकाला पोलादी नीडल. नीडलच्या पोटात एकीकडे झुकते वजन फिरते आणि मिनिटाला हजारो थरथरी बसतात. बांधकामावर साधारणपणे २५, ४० आणि ६० मिलिमीटर व्यासाच्या नीडल दिसतात. सळया दाट असतील तिथे बारीक, तर पायासारख्या भरीव कामात जाड नीडल वापरतात.

थरथरीने खडी आणि वाळूच्या कणांमधले घर्षण मोडते आणि माल काही क्षण पातळ होऊन वाहू लागतो. हे दोन टप्प्यांत घडते. पहिल्या काही सेकंदांत ढीग बसतो, मोठ्या पोकळ्या बुजतात आणि पृष्ठभाग सपाट होतो. त्यानंतर बारीक बुडबुडे वर येऊ लागतात आणि याला जास्त वेळ लागतो. माल सपाट झाला म्हणजे काम झाले, असे समजून पहिल्याच टप्प्यावर नीडल काढली जाते, ही साइटवरची नेहमीची चूक. आत राहिलेल्या दर एक टक्का हवेमागे काँक्रीटची ताकद साधारण पाच ते सहा टक्के कमी होते.

२३० बाय ४५० मिलिमीटरचा, तीन मीटर उंचीचा कॉलम आणि ४० मिलिमीटरची नीडल असे उदाहरण घेऊ. माल साधारण ४५० मिलिमीटरच्या थरांत टाकावा. या नीडलचा प्रभाव चहूबाजूंनी सुमारे १५० मिलिमीटरपर्यंत पोहोचतो असे धरले, तर दोन जागांतले अंतर त्याच्या दीडपट, म्हणजे २२५ मिलिमीटर चालते. त्यामुळे कॉलमच्या लांब बाजूवर दोन जागा पुरतात. नीडल उभी धरून तिच्या वजनाने झटकन खाली जाऊ द्यावी आणि खालच्या थरात १०० ते १५० मिलिमीटर घुसवावी. हा खालचा थर अजून ओला असला पाहिजे. दोन थर एकजीव होतात ते इथेच. नाहीतर शटरिंग, म्हणजे काँक्रीटभोवतीचा साचा, काढल्यावर त्यांच्यामध्ये आडवी रेघ दिसते. बाहेर काढताना मात्र सेकंदाला सात-आठ सेंटिमीटर एवढ्याच वेगाने काढावी. म्हणजे ४५० चा थर आणि खालचे १५० मिळून ६०० मिलिमीटर वर यायला आठेक सेकंद लागतात, आणि तळाशी काही सेकंद थांबलेले धरून एका जागी दहा-पंधरा सेकंद होतात. हिसका देऊन काढल्यास नीडलच्या जागी भोक राहते आणि ते नुसत्या सिमेंटच्या रबडीने भरते.

वेळेपेक्षा खुणा भरवशाच्या असतात. बुडबुडे थांबतात, खडी मालात बुडून वर पातळ चकाकी येते आणि नीडल आत जाताना बदललेला मोटरचा आवाज पुन्हा एकसारखा होतो. अनुभवी माणूस तर हाताला येणाऱ्या थरथरीवरूनही ओळखतो.

कमी व्हायब्रेशनचे नुकसान उघडपणे दिसते. खडीभोवती रबडी पोहोचत नाही आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके उरतात. साइटवर त्याला हनीकॉम्ब म्हणतात. कॉलमच्या बुडाशी ते सर्वाधिक आढळते. तिथे सळयांचे जोड असतात, रिंगा जवळजवळ असतात, वरून पडलेली खडी सुटी होते आणि शटरिंगच्या फटीतून रबडी गळते. मुळात माल दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून सोडू नये. अशा जागी वरवर गिलावा फासणे म्हणजे दोष झाकणे: आतून पाणी आणि हवा सळईपर्यंत पोहोचतच राहतात आणि ती गंजते.

अति व्हायब्रेशनचा दोष लपून राहतो. जड खडी खाली बसते, तर पाणी आणि बारीक कण वर येतात. कॉलमच्या माथ्यावर पांढरट, नखाने खरवडता येईल असा कमजोर थर जमतो, आणि तो न खरवडता पुढचा माल ओतला तर जोड तिथेच कच्चा राहतो. स्लॅबवर याच पाण्यामुळे पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि भेगा पडतात. जास्त वेळ नीडल धरल्याने शटरिंगवर दाब येऊन पाट्या फुगतात, फटी उघडतात. मात्र योग्य प्रमाणात पाणी असलेला घट्ट माल असा सहज बिघडत नाही; ओतायला सोपा जावा म्हणून वरून पाणी घातलेला माल पाहता पाहता वेगळा होतो. प्रत्यक्षात जास्त कामे कमी व्हायब्रेशननेच बिघडतात.

नीडलने माल आडवा ढकलणे ही दुसरी वाईट सवय. रबडी पुढे पळते आणि खडी मागे राहते, म्हणून माल फावड्यानेच सरकवावा. नीडल शटरिंगपासून ५० मिलिमीटर तरी दूर ठेवावी आणि सळईला टेकवून धरू नये. खालचा माल आवळू लागला असेल, तर वर सळई हलली की तिची खालची पकड सुटते. नीडल हवेत चालू ठेवली तर ती तापते आणि बेअरिंग जाते. तिला थंड ठेवतो तो भोवतीचा मालच. ओतकाम अर्ध्यावर असताना नीडल बंद पडली तर पुढचा थर थांबवावा लागतो, म्हणून मोठ्या कामावर दुसरी नीडल तयार ठेवतात.