आठ नंबर दाबला आणि पीसी चालू झाला, पण का?

परवा सोमवारी सकाळी पावणेनऊला मन्याचा फोन. कर्वे रोडला त्याचं छोटंसं टॅक्सचं ऑफिस आहे, पाच पीसी, एक प्रिंटर, आणि आयटी डिपार्टमेंट म्हणजे फुकटातला मी. म्हणे दोन मशीन निळ्या स्क्रीनवर अडकल्यात, खाली लिहिलंय `INACCESSIBLE_BOOT_DEVICE`, आणि बाकीच्या तीन मात्र मस्त चालू आहेत. मी विचारलं, काय केलंस? काहीच नाही. (हे उत्तर मी गेली पंधरा वर्षं ऐकतोय.) मग पाच मिनिटांनी हळूच म्हणाला, अरे शनिवारी बसल्या बसल्या ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजचे नियम ठरवायच्या जागी, एक सेटिंग दिसलं, `Boot-Start Driver Initialization Policy`, त्यात `Good only` असा ऑप्शन होता, म्हटलं चांगलेच ड्रायव्हर चालू द्यावेत की, वाईट कशाला हवेत.

लॉजिक चुकीचं नाहीये खरंतर, फक्त विंडोजच्या भाषेत "चांगला" म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं.

आता पीसी चालू करताना काय होतं ते बघू. बटण दाबलं की आधी मदरबोर्डवरचं यूईएफआय फर्मवेअर उठतं, ते सिक्युअर बूट चालू असेल तर विंडोजच्या बूट मॅनेजरवरची डिजिटल सही तपासतं, बूट मॅनेजर पुढे `winload.efi` ची सही तपासतो, आणि विनलोड मग कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, आणि बूट-स्टार्ट ड्रायव्हर मेमरीत आणताना त्यांच्या सह्या तपासतो. बूट-स्टार्ट म्हणजे जे ड्रायव्हर अगदी सुरुवातीलाच लागतात ते, म्हणजे डिस्क कंट्रोलरचा, व्हॉल्यूमचा, फाइल सिस्टिमचा वगैरे, कारण ते नसतील तर डिस्कच वाचता येणार नाही आणि पुढचं विंडोज येणार कुठून.

इथपर्यंत सगळा मामला सहीचा. पण सही एवढंच सांगते की ही फाइल अमक्याची आहे आणि मध्ये कुणी बदललेली नाही. ड्रायव्हर चांगल्या वागणुकीचा आहे असं काही ती सांगत नाही, चोरीच्या सर्टिफिकेटनं सही केलेले ड्रायव्हरही जगात सापडलेत. आणि अँटिव्हायरस? तो बिचारा पूर्वी सगळ्यात शेवटी उठायचा, तोपर्यंत वाईट ड्रायव्हर आधीच आत येऊन सोफ्यावर बसलेला असायचा, आणि एकदा कर्नलमध्ये बसला की अँटिव्हायरसला खोटं दाखवणं त्याला सोपं जायचं.

म्हणून विंडोज 8 मध्ये, म्हणजे 2012 ला, मायक्रोसॉफ्टनं अर्ली लाँच अँटिमालवेअर आणलं, लोक ईलॅम म्हणतात. आयडिया साधी: अँटिव्हायरस कंपनीनं एक पिटुकला ड्रायव्हर द्यायचा, त्यावर मायक्रोसॉफ्टची खास ईलॅमसाठीची सही हवी, आणि कर्नल त्याला बाहेरच्या बाकी बूट-स्टार्ट ड्रायव्हरांच्या आधी चालू करतो. डिफेंडरचा असा ड्रायव्हर आहे `WdBoot.sys`. अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाकून बघा:

```
sc qc WdBoot
```

त्यात `START_TYPE` समोर `0 BOOT_START` आणि `LOAD_ORDER_GROUP` समोर `Early-Launch` दिसेल. पण `sc query WdBoot` टाकलंत तर `STOPPED` दिसतं, ते बघून घाबरू नका, मला स्वतःला पहिल्यांदा वाटलं होतं की कुणीतरी डिफेंडर मारून टाकला. बूट-स्टार्ट ड्रायव्हर संपले की ह्याचं काम संपतं आणि विंडोज त्याला मेमरीतून काढून टाकतं.

मधल्या त्या क्षणभरात तो करतो काय? आपल्या सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखं समजा. आयकार्ड खरं आहे की खोटं ते आधीच तपासून झालंय, ह्याच्याकडे फक्त एक वही आहे. एकेक ड्रायव्हर चालू व्हायच्या आधी कर्नल ह्याला हाक मारतो आणि एक चिठ्ठी देतो: फाइलचं नाव, रजिस्ट्रीतली जागा, फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा म्हणजे हॅश, सही कुणाची, सर्टिफिकेट कुणी दिलं, त्याचा ठसा. वॉचमननं वही बघून चारपैकी एक उत्तर द्यायचं: ओळखीचा चांगला, ओळखीचा वाईट, वाईट आहे पण ह्याच्याशिवाय मशीन उठणार नाही, किंवा माहीत नाही.

त्याला ड्रायव्हरची फाइल उघडून आत काय आहे ते बघता येत नाही, कारण डिस्क वाचणारे ड्रायव्हर तर अजून लाइनीतच उभे आहेत! सगळ्या फाइली विनलोडनं आधीच मेमरीत आणून ठेवलेल्या असतात, त्यामुळे ईलॅमनं नाही म्हटलं तरी ड्रायव्हर "लोड झाला नाही" असं नसतं, त्याचं सुरुवातीचं फंक्शन चालवलं जात नाही एवढंच. नेटवर्क पण नाही, म्हणजे क्लाउडला विचारायची सोय नाही. मायक्रोसॉफ्टची अट अशी की एका ड्रायव्हरचं उत्तर अर्ध्या मिलिसेकंदात यायला पाहिजे आणि हा ईलॅम ड्रायव्हर त्याच्या डेटासकट 128 केबीत बसला पाहिजे. मोबाइलवर आलेला गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा बऱ्याचदा ह्यापेक्षा मोठा असतो. वही कुठे असते, तर `C:\Windows\System32\config\ELAM` ह्या वेगळ्या रजिस्ट्री फाइलमध्ये, आणि तीही विनलोडच मेमरीत आणून देतो.

त्यामुळे ती वही लहानच राहणार आणि जगातला प्रत्येक ड्रायव्हर त्यात असणं शक्यच नाही, म्हणून "माहीत नाही" हे उत्तर अगदी नॉर्मल आहे. त्यात संशयाचा वास नाही. मन्याची चूक नेमकी इथे झाली, त्याला वाटलं चांगला नाही म्हणजे वाईट.

आणि वॉचमन फक्त मत देतो, गेट उघडायचं की नाही ते कर्नल ठरवतो, तेही सोसायटीच्या नियमाप्रमाणे. तो नियम म्हणजे `DriverLoadPolicy` नावाचा एक आकडा. 8 असेल तर फक्त ओळखीचे चांगले चालू होतात. 1 असेल तर चांगले आणि अनोळखी. 3 असेल तर त्यात "वाईट पण गरजेचे" पण आले, आणि 7 म्हणजे सगळेच या. तुम्ही काहीच सेट केलं नसेल तर 3 धरला जातो.

म्हणजे डिफॉल्टला विंडोज ओळखीचा वाईट ड्रायव्हरही चालू होऊ देतं, गरजेचा असेल तर! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काहीतरी टायपिंग मिस्टेक वाटली. पण उन्हाळ्यातला आपला टँकरवाला आठवा. भांडतो, गेटचा खांब दोनदा ठोकलाय, वहीत लाल शाईनं नाव आहे, पण त्याला अडवलं तर चार बिल्डिंगला पाणी नाही.

ह्याचं खरं उदाहरण ईलॅमच्या आधीचं आहे. 2010 च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टनं MS10-015 नावाचा कर्नलचा अपडेट दिला आणि बऱ्याच एक्सपी मशीन निळ्या स्क्रीनच्या फेऱ्यात अडकल्या. लोकांनी अपडेटला शिव्या घातल्या. तपासात निघालं की त्या मशीनवर अल्युरॉन नावाचा रूटकिट, म्हणजे सिस्टिमच्या आत लपून बसणारा व्हायरस, आधीपासून बसलेला होता, त्यानं `atapi.sys` सारख्या डिस्कच्या ड्रायव्हरमध्येच आपला कोड घुसवला होता, आणि त्या कोडमध्ये कर्नलमधल्या जागांचे पत्ते फिक्स लिहिलेले होते. अपडेटनं कर्नल बदलला, पत्ते सरकले, रूटकिट भलत्याच ठिकाणी उडी मारायला लागला आणि मशीन धाडकन पडायला लागली. म्हणजे लोकांना कळलं ते रूटकिट बिघडला म्हणून, नाहीतर मशीन निवांत चालू होती.

आता समजा तेव्हा ईलॅम असतं आणि त्यानं ह्या `atapi.sys` ला वाईट म्हणून अडवलं असतं, तर काय झालं असतं? डिस्क दिसली नसती, पुन्हा निळी स्क्रीनच, आणि साफ करायला अँटिव्हायरस उठलाच नसता. त्यापेक्षा ईलॅमनं "वाईट पण गरजेचा" अशी खूण करायची, मशीन उठू द्यायची, आणि पुढे पूर्ण अँटिव्हायरसनं ती फाइल बदलून घ्यायची, हा जास्त व्यवहारी मार्ग. माझ्या मते बरोबरच आहे, पण मग त्या मधल्या वेळात वाईट ड्रायव्हर कर्नलमध्ये चालू असतो हेही मान्य करायला लागतं.

तर मन्याकडे परत. ज्या दोन मशीन पडल्या त्यांच्यात डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर बाहेरच्या कंपनीचा होता, बाकी तिघांत विंडोजचा स्वतःचा. मी फोनवरच अंदाज बांधला की तो बाहेरचा वॉचमनच्या वहीत नाही, उत्तर "माहीत नाही", नियम 8, गेट बंद, डिस्क गायब. अंदाज तपासायची सोपी युक्ती आहे. दोनतीनदा बूट फसला की विंडोज आपोआप रिकव्हरीत जातं, तिथे `Troubleshoot`, `Advanced options`, `Startup Settings`, `Restart`, आणि मग यादीतला आठवा ऑप्शन, `Disable early launch anti-malware protection`. (नियमातला 8 आणि हा 8 ह्यांचा काही संबंध नाही, योगायोग.) मध्ये एका मशीननं डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची 48 आकडी रिकव्हरी की मागितली, ती शोधण्यात मन्याचा अर्धा तास गेला, शेवटी त्याच्या बायकोच्या अकाउंटमध्ये सापडली.

आठ दाबलं, दोन्ही मशीन उठल्या. म्हणजे गुन्हेगार ईलॅमचाच निर्णय होता. आठ दाबूनही तीच निळी स्क्रीन आली असती तर मी केबल, डिस्क, बायोसमधला कंट्रोलरचा मोड असलं काहीतरी बघितलं असतं. आणि शेजारचा सात नंबर दाबू नका, तो सह्यांची सक्ती बंद करतो, ती वेगळी गोष्ट आहे, आठनं सह्यांची तपासणी चालूच राहते. आठचा परिणाम फक्त त्या एका बूटपुरता असतो, त्यामुळे मशीन उठल्या उठल्या पॉलिसी `Not Configured` वर आणायला लावली आणि मग हे बघायला सांगितलं:

```
reg query HKLM\SYSTEM\CurrentControlSet\Policies\EarlyLaunch
```

`DriverLoadPolicy` ची `0x8` वाली ओळ गेलेली होती. परत रीस्टार्ट केलं, ह्यावेळी काही न दाबता, आणि दोन्ही मशीन सरळ लॉगिनला आल्या.

मन्यानं लगेच विचारलं, मग अनोळखी सगळेच आत येतात तर ह्या ईलॅमचा उपयोग काय? प्रश्न बरोबर आहे. जे आधीच पकडले गेलेत आणि वहीत आहेत त्यांना ते थांबवतं, आणि पुढे येणाऱ्या अँटिव्हायरसला कोण कोण आत गेलं ते कळतं. पण विंडोज उठल्यावर नंतर चालू होणारे ड्रायव्हर त्याच्या नजरेखालून जातच नाहीत, आणि हल्ली हल्लेखोर सही केलेला पण बग असलेला जुना ड्रायव्हर नंतरच आणून चालवतात, त्यांना अडवायला विंडोजमध्ये असुरक्षित ड्रायव्हरांची वेगळी ब्लॉकलिस्ट आहे. आणि ईलॅमच्या खालीच कुणी घुसला तर ते काहीच करू शकत नाही. 2023 मध्ये गाजलेला ब्लॅकलोटस नावाचा मालवेअर तसाच, त्यानं CVE-2022-21894 हा बग वापरून सिक्युअर बूटलाच वळसा घातला, म्हणजे वॉचमन ड्युटीवर यायच्या आधीच मागची भिंत पाडलेली.

मन्याच्या उरलेल्या तीन मशीनवर पण 8 च होता, फक्त त्यांचं नशीब चांगलं. त्या पण बदलून घेतल्या, आणि ग्रुप पॉलिसीचा अॅडमिन पासवर्ड आता माझ्याकडे आहे.